पंख्याशिवाय डबी थंड ठेवायची आहे? हीटसिंक विकत घेण्याआधी हे प्रयोग करा

रावेरजवळ मामांच्या केळीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह उघडबंद करायला मी एक डबी बसवली होती. आत रास्पबेरी पाय ४, एक रिले बोर्ड आणि मोडेम. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास ती रोज मंदावायची आणि संध्याकाळी पुन्हा शहाण्यासारखी चालायची. पंखा लावायची सोय नव्हती, कारण पंपघरातली धूळ तो महिन्याभरात खाऊन बसला असता. मी तीन वेगवेगळी हीटसिंकं आणली, एकामागून एक चिकटवून पाहिली आणि फरक पडला जेमतेम. अडचण हीटसिंकच्या आकारात कमी आणि डबीत जास्त होती, हे कळायला मला दोन महिने लागले. तुमचं हे काम दोन रविवारांत व्हावं म्हणून ही पद्धत लिहितो आहे.

काय काय लागेल

- ॲल्युमिनियमच्या कवचातले, सोनेरी रंगाचे, १० ओहम २५ वॅटचे दोन रेझिस्टर. याला खालून सपाट तळ आणि स्क्रूसाठी भोकं असतात. सिमेंटचा पांढरा रेझिस्टर घेऊ नका, तो हीटसिंकला नीट टेकत नाही.
- ५ व्होल्ट, किमान २ अँपिअरचा पुरवठा
- मल्टिमीटर
- तापमानाचे दोन सेन्सर. के-टाइप थर्मोकपलचा दोन तोंडांचा मीटर असेल तर उत्तम, नाहीतर DS18B20 चालेल.
- थर्मल पेस्ट, काळी इन्सुलेशन टेप, २ मिमीचा ड्रिल बिट, हॅकसॉ, कानस
- ज्यात वस्तू बसवायची आहे, तशाच दोन रिकाम्या डब्या. एक कापाकापीत जाणार आहे.
- वही

पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत यातलं बहुतेक सगळं मिळतं. हीटसिंकसाठी आधी भंगारातले जुने संगणक बघा.

१. खऱ्या बोर्डाऐवजी रेझिस्टर तापवा

माझी पहिली चूक हीच होती. मी थेट रास्पबेरी पायवर प्रयोग करत होतो. पण तो बोर्ड कधी ३ वॅट खातो, कधी ६, आणि जास्त तापला की स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे हीटसिंक जितकं वाईट, तितकी बोर्डाची उष्णता कमी. अशा मापात चांगलं-वाईट यातला फरक पुसला जातो.

रेझिस्टर असली लबाडी करत नाही. दोन्ही रेझिस्टर समांतर जोडले की ५ ओहम होतात, आणि ५ व्होल्टवर ते बरोबर ५ वॅट उष्णता देतात. एकच जोडला तर अडीच वॅट.

इथे एक सापळा आहे. पुरवठ्यावर ५ व्होल्ट लिहिलं असलं तरी बारीक वायरीत थोडे व्होल्ट गळतात. रेझिस्टरच्या पायांवर मल्टिमीटर लावून मोजा. तिथे ४.८ व्होल्टच मिळाले तर उष्णता ४.६ वॅट होते, म्हणजे तुमची सगळी मापं ८ टक्क्यांनी फसवी. व्होल्ट नेहमी पायांवरच मोजा आणि वहीत खरे वॅट लिहा.

चालू असताना रेझिस्टरला हात लावू नका. हीटसिंकशिवाय तर तो चालूच करू नका.

२. तापमान कुठे आणि कसं मोजायचं

हीटसिंकच्या तळाच्या जाडीत, बाजूने, २ मिमीचं भोक पाडा. त्यात पेस्ट भरून सेन्सरचं टोक खुपसा. DS18B20 जाडा असतो, भोकात जाणार नाही. तो तळावर पेस्ट लावून टेपने घट्ट बांधा आणि वरून कापसाचा तुकडा ठेवा, म्हणजे तो हवेचं तापमान मोजत बसणार नाही.

दुसरा सेन्सर खोलीच्या हवेत, डबीपासून हातभर लांब आणि डबीच्या तळाच्या पातळीवर ठेवा. वर ठेवलात तर डबीतूनच निघालेली गरम हवा मोजाल.

इन्फ्रारेड गन वापरायचा मोह होईल. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती साफ खोटं सांगते, कारण असा धातू स्वतःची किरणं फार कमी सोडतो आणि आरशासारखी खोलीची किरणं परत पाठवतो. हाताला चटका बसत असताना गन ३५ अंश दाखवते. काळ्या टेपचा नाण्याएवढा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरला की आकडा ताळ्यावर येतो.

वहीत नुसतं तापमान लिहू नका. हीटसिंकचं तापमान वजा खोलीचं तापमान, म्हणजे चढ, लिहा. सकाळी २६ अंशांत आणि दुपारी ३४ अंशांत घेतलेली मापं तरच एकमेकांशेजारी ठेवता येतात.

आणि थांबा. उघड्यावरच्या हीटसिंकला स्थिर व्हायला पाऊण तास लागतो, बंद डबीला दीड तास. पंधरा मिनिटांत चढ अर्ध्या अंशापेक्षा कमी बदलला की माप घ्या. मी वीस मिनिटांत घेतलेली बंद डबीची मापं फारच छान होती. सगळी फेकावी लागली.

दुसरी फेकाफेक घरातल्या पंख्यामुळे झाली. एका हीटसिंकचा चढ अचानक ३० वरून १९ वर आला आणि मी खूश होऊन बाहेर आलो, तर आई म्हणाली, "अरे, किती उकडतंय त्या खोलीत! मी पंखा एकवर लावून ठेवलाय." छताचा पंखा, शेजारची उघडी खिडकी, एसीचा झोत, यांतलं काहीही चालू असेल तर तुम्ही पंखा नसलेल्या डबीचं माप घेत नाही आहात.

३. आकारांची तुलना, आधी उघड्यावर

मी तीन हीटसिंकं घेतली. तिन्हींचा तळ ६० × ६० मिमी आणि उंची साधारण २५ मिमी, म्हणजे तुलना आकाराचीच व्हावी.

- दाट: सरळ पात्या, दोन पात्यांत २ मिमी अंतर. जुन्या संगणकातलं, मुळात पंख्याखाली बसणारं.
- विरळ: सरळ पात्या, अंतर ६ मिमी.
- पिनांचं: पात्यांऐवजी चौकोनी खुंट्या.

५ वॅटवर, हीटसिंक उभं टांगून, माझ्याकडे आलेले चढ असे:

| हीटसिंक | पात्या उभ्या | पात्या आडव्या |
|---|---|---|
| दाट | ३८ अंश | ४४ अंश |
| विरळ | २७ अंश | ३४ अंश |
| पिनांचं | ३० अंश | ३० अंश |

दाट हीटसिंकचा पृष्ठभाग विरळच्या जवळजवळ दुप्पट आहे, तरी ते ११ अंशांनी जास्त तापलं. पंखा नसताना हवा फक्त स्वतःच्या गरमपणाने वर चढते, आणि तो जोर अगदीच नाजूक असतो. प्रत्येक पातीला हवेचा एक सुस्त थर चिकटून असतो. २ मिमीच्या फटीत दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना भिडतात आणि मधून हवा जायला वाटच उरत नाही. पात्या आहेत, पण त्या एकमेकींनाच शेकत बसतात. एवढ्या लहान हीटसिंकला आणि एवढ्या चढाला ५ ते ७ मिमीची फट योग्य पडते. पाती खालून वर जितकी लांब, तितकी फट थोडी जास्त हवी, कारण वर जाता जाता तो थर जाड होत जातो.

माझा विश्वास बसेना, म्हणून मी दाट हीटसिंक शिकंज्यात धरलं आणि हॅकसॉने एक सोडून एक पाती मुळापासून कापली. कानशीने कडा साफ केल्या, ॲल्युमिनियमचा कीस फुंकून काढला आणि त्याच जागी परत टांगलं. निम्म्या पात्या कचऱ्यात गेल्या होत्या आणि चढ ३८ वरून ३१ वर आला होता. या लेखातला एकच प्रयोग करायचा असेल तर हा करा.

आडव्या पात्यांचा रकाना दुकानात कोणी सांगत नाही. पात्या आडव्या असल्या की वर चढणाऱ्या हवेला प्रत्येक पाती पायरीसारखी आडवी येते. डबी भिंतीवर लावताना पात्यांच्या फटी खालून वर गेल्या पाहिजेत. डबी कशीही लागणार असेल, कधी आडवी कधी उभी, तर पिनांचं घ्या. ते कुठल्याच स्थितीत फार चांगलं नाही, पण फसवतही नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. ॲनोडाइझ केलेलं हीटसिंक घ्या, कोऱ्या चकचकीत धातूचं नको. ॲनोडायझिंगमुळे किरणांनी बाहेर जाणारी उष्णता बरीच वाढते. ते काळं आहे की साधं पांढुरकं, याने घरात फारसा फरक पडत नाही.

४. आता तेच बंद डबीत

माझी डबी साध्या एबीएस प्लास्टिकची, १५० × १०० × ७० मिमी. हीटसिंक आत, पात्या उभ्या, झाकण घट्ट. याच ५ वॅटवर:

विरळचा चढ २७ वरून ४९ झाला. पिनांचा ३० वरून ५१. दाटचा ३८ वरून ५७.

तिन्हींवर जवळपास वीस अंशांचा बोजा सारखाच चढला. हा बोजा डबीचा आहे. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा वीस अंश गरम झाल्याशिवाय प्लास्टिकच्या भिंतींतून ५ वॅट बाहेर पडतच नाहीत. विरळ आणि पिनांच्या हीटसिंकमधला दोन-तीन अंशांचा फरक धरून मी दुकानं पालथी घालत होतो, आणि वीस अंश डबीतच बसले होते.

म्हणून एक सेन्सर डबीच्या आत, हीटसिंकपासून लांब, मधल्या उंचीवर हवेत लोंबकळत ठेवा. आतली हवा वजा बाहेरची हवा म्हणजे डबीचा वाटा. हीटसिंक वजा आतली हवा म्हणजे हीटसिंकचा वाटा. ज्याचा आकडा मोठा आणि कमी करायला सोपा, तिथे आधी हात घाला.

५. भोकं: किती, कुठे

सगळे करतात तेच मीही केलं. वर ६ मिमीची आठ भोकं पाडली. चढ ४९ वरून ४८. मग खालीही आठ पाडली. चढ ४७. एवढी मेहनत, आणि दोन अंश!

हिशोब केला तेव्हा कारण दिसलं. आठ भोकांची मिळून जागा सव्वादोन चौरस सेंटिमीटर, म्हणजे नखाएवढी. दीड वीत उंचीचीही नसलेल्या डबीत हवा वर ढकलणारा जोर इतका क्षीण असतो की भोकातून ती सेकंदाला जेमतेम दहा सेंटिमीटर सरकते. नखाएवढ्या वाटेने आणि त्या वेगाने पाव-अर्धा वॅटच बाहेर जातो. बाकीचे साडेचार भिंतींवरच राहतात.

दुसऱ्या डबीत मी तळाला आणि माथ्याला प्रत्येकी पाच फटी कापल्या, ६० मिमी लांब आणि ६ मिमी रुंद. प्रत्येक बाजूला १८ चौरस सेंटिमीटर. आता चढ ३९. दहा अंशांची घट, हीटसिंक न बदलता.

तीन गोष्टी सांभाळा. खालच्या फटी आणि वरच्या फटी साधारण सारख्या ठेवा, कारण जी लहान असेल तीच प्रवाह ठरवते. फटी बाजूला नकोत, तळाला आणि माथ्याला हव्यात, आणि हीटसिंक त्यांच्या मधल्या वाटेत हवं. माझं आधी एका कोपऱ्यात होतं आणि वाहणारी हवा त्याला वळसा घालून जात होती. प्रवाह दिसत नसेल तर खालच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला जाऊन वरून सरळ निघाला पाहिजे. तो तळाशीच घुटमळला तर वाट कुठेतरी अडली आहे.

तिसरी गोष्ट जाळी. पाल, मुंग्या आणि कुंभारमाशी यांना उबदार डबी फार आवडते, त्यामुळे जाळी लावावीच लागते. मच्छरदाणीची बारीक जाळी लावली की माझा चढ ३९ वरून ४३ झाला. जाळी लावणार असाल तर फटी आधीच दीडपट कापा.

६. फटी चालणार नसतील तर हीटसिंक बाहेर काढा

आमच्याकडे जूनमध्ये वळवाचा पाऊस तिरका येतो आणि एप्रिलमध्ये धूळ. उघड्या फटींची डबी पंपघरात टिकणार नव्हती. अशा वेळी उष्णतेला डबीतल्या हवेत शिरूच द्यायचं नाही.

डबीच्या पुढच्या भिंतीत चौकोन कापला. आतून ५० × ४० मिमी, १२ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, बाहेरून तेच विरळ हीटसिंक, दोन्ही स्क्रूने आवळलेले. मध्ये पेस्ट, कडेने रबराची गॅस्केट. रेझिस्टर ठोकळ्यावर. चढ ३३ आला आणि डबी पूर्ण बंद. उघड्यावरच्या २७ पेक्षा सहा अंश जास्त, कारण आता हीटसिंकची पाठ डबीने झाकली आहे आणि मध्ये दोन सांधे आहेत. तरी फटींच्या डबीपेक्षा बरं, आणि पाऊस-धुळीची काळजी नाही.

हीटसिंक डबीच्या मागच्या बाजूला लावून ती बाजू भिंतीला टेकवू नका. हसू नका, मी ते केलं आहे.

७. सांध्यात उष्णता गमावू नका

हीटसिंकबरोबर बरेचदा निळा-राखाडी मऊ थर्मल पॅड मिळतो. तो सोपा आहे, पण महाग पडू शकतो. चिपची वरची बाजू साधारण १५ मिमी चौरस. त्यावर १ मिमी जाडीचा स्वस्त पॅड ठेवला, ज्यावर वाहकता १.५ लिहिलेली असते, तर प्रत्येक वॅटमागे तीन अंश त्या पॅडमध्येच अडकतात. चिपमधून ३ वॅट जात असतील तर नऊ अंश. याच जागी पेस्टचा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा थर दीड अंशही खात नाही.

पेस्ट लावायची तर ठोकळा चिपला खरंच टेकला पाहिजे. मी ठोकळ्याला कानशीने १५ मिमी चौरसाचा पाय काढला, जेणेकरून शेजारच्या सुट्या भागांना धातू लागणार नाही. लागला तर शॉर्ट. अंतर राहतच असेल तर पॅड वापरा, पण शक्य तितका पातळ.

८. खऱ्या बोर्डाचा हिशोब

आता रेझिस्टर काढा. यूएसबी मीटर लावून बोर्ड खऱ्या कामावर किती वॅट खातो ते बघा. माझा सगळ्यात जास्त ३.४ होता. वॅट कमी झाले की चढही कमी होतो, पण अगदी त्याच प्रमाणात नाही, थोडा कमीच उतरतो, कारण कमी तापलेलं हीटसिंक हवाही कमी ओढतं. ५ वॅटच्या मापावरून ३.४ वॅटला मी सरळ ७२ टक्के धरले.

बंद डबी: ४९ चे ३५. रावेरच्या मे महिन्यात सावलीत ४५ अंश, म्हणजे ८०. रास्पबेरी पाय ४ बरोबर ८० अंशांपासून वेग उतरवायला लागतो, आणि मामांच्या दुपारचं कोडं तिथेच सुटलं. बाहेरचं हीटसिंक: ३३ चे २४, अधिक पेस्टचे दीड, म्हणजे ७१ च्या आसपास.

हा हिशोब सावलीतला आहे. डबीची १५० × १०० मिमीची एक बाजू उन्हाला सरळ समोर असेल तर तिच्यावर जवळपास १५ वॅट पडतात. पांढऱ्या रंगाची डबीही त्यातले चारेक वॅट गिळते, म्हणजे आतल्या बोर्डापेक्षा जास्त. गडद राखाडी तर बहुतेक सगळे. डबीवर चार बोटं अंतर सोडून पत्र्याची छपरी लावा, मग बाकीचं.

बसवल्यावर दर मिनिटाला तापमानाची नोंद ठेवा:

```
while true; do
  echo "$(date +%H:%M) $(vcgencmd measure_temp)" >> tap.txt
  sleep 60
done
```

आणि दुपार उलटून गेल्यावर हे बघा:

```
vcgencmd get_throttled
```

`throttled=0x0` आलं तर बोर्ड सुरू झाल्यापासून एकदाही मंदावलेला नाही. `0x50000` आलं तर हीटसिंकला दोष देऊ नका. त्याचा अर्थ व्होल्ट कमी पडले होते असा आहे. वायर बदला. मला हे दोन्ही एकाच आठवड्यात दिसलं आणि मी बराच वेळ चुकीच्या जागी पेस्ट लावत बसलो.

माझ्या डबीचा पुढच्या मे महिन्यातला सगळ्यात मोठा आकडा ७३ होता, दुपारी पावणेतीनला. जुलैत गेलो तेव्हा हीटसिंकच्या दोन फटींत कुंभारमाशीने मातीची घरं बांधली होती. लाकडी काडीने खरवडून काढली. आता मामा दर महिन्याला बघतात.